२०० बाइटची दुरुस्ती, ७ जीबीचा पॅच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेमच्या अपडेटसोबत आलेल्या पॅच नोट्समध्ये एकच ओळ असते: 'दुसऱ्या लेव्हलमधलं दार आता उघडतं.' गेम उतरवणाऱ्या आणि सुरू करणाऱ्या लाँचरमध्ये मात्र डाउनलोडचा आकडा ७ जीबी दिसतो. गेमची बिल्ड्स, म्हणजे खेळायला तयार आवृत्त्या, बांधून स्टोअरवर चढवायचं काम मी काही वर्षं केलं आहे. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून ऐकायला मिळालाय, खेळाडूंकडून चिडून आणि प्रोग्रामर मंडळींकडून चक्रावून. खालची बरीचशी उत्तरं एकाच उदाहरणाभोवती फिरतात. ते उदाहरण नीट कळलं की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

एवढ्याशा दुरुस्तीला इतकं डाउनलोड? आळशीपणा आहे का हा?

कधी असतोही, पण बहुतेक वेळा नाही. गेममध्ये हजारो लहानमोठ्या गोष्टी असतात: टेक्स्चर, आवाज, थ्रीडी मॉडेल, लेव्हलचे नकाशे, स्क्रिप्ट. यांना एकत्रितपणे अ‍ॅसेट म्हणतात. हे अ‍ॅसेट तुमच्या डिस्कवर सुटे पडलेले नसतात. त्यांची गाठोडी बांधलेली असतात, काही जीबींची एकेक. यांनाच पॅक फाइल म्हणायचं. गेम ज्या तयार सॉफ्टवेअरवर उभा करतात त्याला इंजिन म्हणतात. अनरियल इंजिनच्या गेममध्ये त्यांची नावं `.pak` ने संपतात, बाकीच्या इंजिनांची स्वतःची नावं असतात.

प्रोग्रामरने एक स्क्रिप्ट सुधारली, तरी स्टोअरवर जाते ती नव्याने बांधलेली अख्खी पॅक फाइल. मग जुनी आणि नवी फाइल समोरासमोर ठेवून 'यातलं खेळाडूकडे आधीपासून काय आहे?' हे ठरवायचं काम लाँचरच्या यंत्रणेचं. ते तिला किती जमतं, यावर तुमचं डाउनलोड ३ एमबीचं होणार की ७ जीबीचं, हे ठरतं.

मग सुट्या फाइली का ठेवत नाहीत? प्रश्नच मिटला.

एक मिटेल आणि दुसरा उभा राहील. प्रत्येक फाइल उघडताना ऑपरेटिंग सिस्टिमला परवानग्या तपासाव्या लागतात, फोल्डरमध्ये नाव शोधावं लागतं, आणि बऱ्याचदा अँटिव्हायरसही मध्ये डोकावतो. लेव्हल लोड होताना हे वीस हजार वेळा झालं की जाणवतं. एक मोठी फाइल उघडून ठेवायची आणि आतल्या पत्त्यावर थेट उडी मारायची, हे कितीतरी स्वस्त. फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कवर तर हा फरक फारच मोठा होता, आणि पॅक फाइलची रीत त्याच काळात रुजली.

लाँचर नेमकी तुलना कशी करतो?

स्टीम या गेमच्या ऑनलाइन स्टोअरची पद्धत घेऊ, कारण ती डेव्हलपरांसाठी बरीच उघडपणे लिहून ठेवलेली आहे. डेव्हलपर बिल्ड चढवतो तेव्हा स्टीमची यंत्रणा प्रत्येक फाइलचे साधारण १ एमबीचे तुकडे करते. यांना चंक म्हणतात. प्रत्येक चंकमधल्या मजकुरावरून एक हॅश काढला जातो. हॅश म्हणजे त्या मजकुराचा ठसा. एक बाइट जरी इकडचा तिकडे झाला तरी ठसा पूर्ण बदलतो. चंक आवळून, म्हणजे कॉम्प्रेस होऊन, आणि कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट होऊन सर्व्हरवर जातो आणि हॅश हीच त्याची ओळख राहते.

सोबत एक यादी तयार होते, तिला मॅनिफेस्ट म्हणतात. 'ही फाइल अमुक अमुक चंक या क्रमाने जोडले की बनते', एवढंच तिच्यात असतं. अपडेट आलं की तुमच्या संगणकावरचा लाँचर जुनी यादी आणि नवी यादी शेजारी ठेवतो. दोन्हीकडे असलेले चंक तुमच्या डिस्कवरून उचलतो आणि जे फक्त नव्या यादीत आहेत तेवढेच सर्व्हरवरून मागवतो. एपिक या दुसऱ्या स्टोअरच्या लाँचरचा गाभाही असाच आहे: चंक, हॅश, मॅनिफेस्ट.

यातली महत्त्वाची अडचण लगेच लक्षात येते. चंकमधला एक बाइट बदलला तरी अख्खा चंक नवा ठरतो. एका बाइटची किंमत १ एमबी! हे प्रमाण पुढे लागेल, लक्षात असू द्या.

मध्येच काही बाइट वाढले तर पुढचं सगळंच सरकणार ना?

हो, आणि तुकडे डोळे मिटून ठरावीक अंतरावर पाडले तर त्यापुढचा प्रत्येक चंक नवा ठरेल. वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ घुसवली की प्रत्येक पानाची शेवटची ओळ पुढच्या पानावर ढकलली जाते, तसं. मजकूर तोच, पण एकही पान जुन्या पानाशी तंतोतंत जुळत नाही.

यावरचा उपाय जुना आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये `rsync` हा प्रोग्राम आणला, त्यात तो होता. ठरावीक सीमांवर तुलना न करता एक सरकती खिडकी घ्यायची आणि नव्या फाइलवरून ती एकेक बाइट पुढे नेत 'या खिडकीत दिसतंय ते जुन्या एखाद्या तुकड्यासारखं आहे का?' असं प्रत्येक ठिकाणी विचारायचं. दर बाइटला अख्ख्या खिडकीचा हिशेब नव्याने करणं परवडलं नसतं. म्हणून असा ठसा वापरतात की खिडकीतून बाहेर पडलेला बाइट वजा केला आणि आत आलेला मिळवला की नवा ठसा तयार. तो जुळला तरच पक्क्या हॅशने खातरजमा करायची.

त्यामुळे मजकूर नुसता सरकला असेल, किंवा मोठमोठे भाग मागेपुढे झाले असतील, तर आजचे लाँचर फसत नाहीत. बिल्ड चढवतानाच जुने चंक नव्या फाइलमध्ये शोधले जातात आणि सापडतील तिथे तेच पुन्हा वापरले जातात.

मग एवढं सगळं असून ७ जीबी कसे?

आता ते उदाहरण. आकडे सोयीसाठी गोल घेतले आहेत, पण घडतं ते असंच.

समजा, गेमची एकच पॅक फाइल आहे, ८ जीबीची. १ एमबीच्या हिशेबाने तिचे ८,१९२ चंक होतात. आत अ‍ॅसेट आहेत सरासरी ५१२ केबीचे, म्हणजे एकूण १६,३८४. फाइलच्या सुरुवातीपासून १ जीबीवर ती दाराची स्क्रिप्ट आहे. दुरुस्तीमुळे ती २०० बाइटने वाढली.

पुढचा ७ जीबीचा मजकूर २०० बाइटने सरकला. सरकत्या खिडकीला त्याचं काही वाटायला नको. पण या इंजिनाने एक गोष्ट करून ठेवली आहे. प्रत्येक अ‍ॅसेटच्या आधी त्याचं छोटं शीर्षक आहे आणि त्या शीर्षकात 'मी फाइलच्या सुरुवातीपासून इतक्या बाइटवर आहे' असा पत्ता लिहिलेला आहे, ८ बाइटचा. सगळं २०० बाइटने सरकल्यावर हे पत्तेही २०० ने वाढले.

स्क्रिप्टच्या पुढे १४,३३६ अ‍ॅसेट आहेत. म्हणजे बदललेले पत्ते १४,३३६ गुणिले ८, अर्थात १,१४,६८८ बाइट. जेमतेम ११२ केबी! पण हे ११२ केबी एका जागी नाहीत. ते सात जीबीभर शिंपडलेले आहेत. अ‍ॅसेट ५१२ केबीचा आणि चंक १ एमबीचा, त्यामुळे प्रत्येक चंकमध्ये अशी सरासरी दोन शीर्षकं पडतात. एक बाइट बदलला की अख्खा चंक नवा, हा नियम आठवा. सरकत्या खिडकीला १ एमबी लांबीचा एकही अखंड जुना पट्टा सापडत नाही. पुढचे सगळे ७,१६८ चंक नवे ठरतात, म्हणजे ७ जीबी.

त्यातला मजकूर बहुतेक आधीच कॉम्प्रेस केलेला असल्याने डाउनलोडसाठी तो आणखी फारसा आवळलाही जात नाही. ५० एमबीपीएसच्या जोडणीवर याला सुमारे १९ मिनिटं लागतील. त्या १९ मिनिटांत तुमच्याकडे खरोखर नवीन काय आलं? दाराची स्क्रिप्ट, आणि चौदा हजार ठिकाणी २०० ने वाढलेला एक आकडा.

पत्ते सोडले तर आणखी कशामुळे असं होतं?

दोन नेहमीचे गुन्हेगार आहेत: कॉम्प्रेशन आणि एन्क्रिप्शन. दोन्ही वाईट नाहीत, पण ती कुठल्या पातळीवर केली आहेत यावर सगळं अवलंबून असतं.

अख्खी पॅक फाइल एकाच सलग प्रवाहात कॉम्प्रेस केली, तर पुढच्या भागाची मांडणी मागच्या भागात काय येऊन गेलं यावर ठरते. मागे एक अक्षर बदललं की पुढची बिटं वेगळी पडू शकतात आणि वरून बघणाऱ्या लाँचरला ओळखीचं काही दिसेनासं होतं. प्रत्येक अ‍ॅसेट वेगळा कॉम्प्रेस केला, तर हा गोंधळ त्या अ‍ॅसेटच्या कुंपणाआतच राहतो.

एन्क्रिप्शनचं याहून कडक. काही पद्धतींत प्रत्येक ब्लॉक आधीच्या ब्लॉकमध्ये गुंफला जातो, त्यामुळे पहिला बदल जिथे झाला तिथून शेवटपर्यंत सगळं बदलतं. आणि दर बिल्डला नवी किल्ली वापरली तर पहिल्या बाइटपासूनच सगळं नवं. चोरी रोखायला लावलेलं कुलूप असं प्रत्येक अपडेटला खेळाडूच्या इंटरनेटवर बिल फाडतं. माझ्या मते दर बिल्डला किल्ली बदलण्यात राखण कमी आणि खर्चच जास्त आहे.

काहीही न बदलता नुसतं पुन्हा बिल्ड केलं तरी पॅच मोठा होऊ शकतो?

होऊ शकतो. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये नेमकं हेच झालं होतं. एका भाषांतरातलं शुद्धलेखन सुधारलं आणि अपडेट निघालं कित्येक जीबींचं. दोन बिल्ड्स बाइट बाय बाइट ताडून बघितल्या, तेव्हा कळलं की पॅक बांधणारं आमचं टूल प्रत्येक अ‍ॅसेटच्या शीर्षकात बांधणीची तारीख-वेळ लिहीत होतं. कोणीतरी कधीतरी डिबगिंगसाठी घातलेली सोय होती ती. ती वेळ गेममध्ये कुठेच वाचली जात नव्हती. दर बिल्डला प्रत्येक चंक मात्र बाटत होता.

तारखेखेरीज क्रमही घात करतो. पॅक बांधताना काम एकाच वेळी चालणाऱ्या अनेक थ्रेडवर वाटलेलं असतं. जो अ‍ॅसेट आधी तयार होईल तो आधी फाइलमध्ये, असा कारभार असला की दर वेळी अ‍ॅसेटचा क्रम खेळायच्या पत्त्यांसारखा वेगळा पिसला जातो. मोठे अ‍ॅसेट असतील तर सरकती खिडकी त्यांना शोधून काढते. पण १ एमबीपेक्षा लहान अ‍ॅसेटची अशी पिसणी झाली की जुना चंक अखंड कुठेच उरत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. एकाच सोर्सपासून लागोपाठ दोनदा बिल्ड करा आणि दोन्ही पॅक फाइलींचे हॅश काढा. ते जुळले नाहीत, तर गडबड दुरुस्तीत नसून बांधणीत आहे.

चंक वगैरे सोडा, फक्त बदललेले बाइट का पाठवत नाहीत?

प्रश्न रास्त आहे, आणि तंत्रही हाताशी आहे. कॉलिन पर्सिव्हल यांनी २००३ मध्ये `bsdiff` लिहिलं, ते अशाच कामाला. प्रोग्रामच्या फाइलमध्ये थोडा कोड वाढला की पुढचे असंख्य पत्ते सारख्याच फरकाने बदलतात. `bsdiff` हा फरकच पकडतं. 'जुनं घ्या, इथे २०० मिळवा, इथेही २०० मिळवा' अशी नोंद अगदी छान आवळली जाते. आपल्या उदाहरणातले ७ जीबी या वाटेने आले असते तर ते ११२ केबीपेक्षाही लहान झाले असते.

मग घोडं अडतं कुठे? पहिली अडचण मेमरीची. पॅच तयार करताना `bsdiff` ला जुन्या फाइलच्या आकाराच्या किमान सतरा पट मेमरी लागते. ८ जीबीच्या फाइलला १३६ जीबी. भाग पाडून यातून वाट काढता येते, पण मग लांबवर सरकलेला मजकूर पुन्हा हातचा निसटतो.

दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे. असा पॅच दोन ठरावीक आवृत्त्यांमधला असतो. कोणी कालच्या आवृत्तीवर असतो, कोणी सहा महिन्यांपूर्वीच्या. प्रत्येक जोडीसाठी वेगळा पॅच बनवून ठेवा, नाहीतर खेळाडूला एकामागून एक सगळे लावायला सांगा. चंकच्या पद्धतीत ही भानगडच नाही. तुमच्याकडे कुठलीही आवृत्ती असो, यादी बघायची आणि नसलेले चंक आणायचे. शिवाय तेच चंक लाखो लोकांना लागत असल्याने सर्व्हरच्या वाटेवर ते साठवून ठेवता येतात.

काहींनी दोन्हींचा मेळ घातला आहे. लहान स्टुडिओंचे गेम विकणाऱ्या itch.io या साइटचं `butler` हे टूल आधी `rsync` च्या पद्धतीने ६४ केबीच्या ब्लॉकवर तुलना करून पॅच लगेच उपलब्ध करतं आणि नंतर सावकाश `bsdiff` च्या वाटेने तो आणखी लहान करतं. लहान स्टुडिओंच्या गेमच्या मानाने हे उत्तम जमून येतं. १०० जीबीच्या गेमला हाच हिशेब महाग पडतो.

डेव्हलपरने काय केलं असतं तर आपल्या उदाहरणातला पॅच लहान झाला असता?

पत्ते एका जागी ठेवायला हवे होते, एवढंच. प्रत्येक अ‍ॅसेटच्या शीर्षकात पत्ता न लिहिता सगळ्यांची एक अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी ठेवा. दर नोंदीला ६४ बाइट धरले तर १६,३८४ नोंदींची बरोबर १ एमबी होते. आता तीच दुरुस्ती पुन्हा करून बघू. स्क्रिप्ट ज्या चंकमध्ये आहे तो बदलला. पुढचा ७ जीबीचा मजकूर सरकला, पण त्याच्या आत काहीच बदललं नाही, म्हणून सरकत्या खिडकीने तो ओळखला. शेवटी अनुक्रमणिकेचे एक-दोन चंक बदलले. एकूण सुमारे ३ एमबी, म्हणजे त्याच जोडणीवर अर्धा सेकंद.

स्टीम डेव्हलपरांना आणखी काही सुचवतं: संबंधित अ‍ॅसेट एकत्र ठेवा, म्हणजे बदल एकाच भागात राहतील, एकेक पॅक फाइल एक-दोन जीबीच्या आसपासच ठेवा, नवी सामग्री नव्या फाइलमध्ये घाला. अनरियल इंजिनात अ‍ॅसेट १ एमबीच्या सीमांशी जुळवून ठेवायची सोयही आहे. पॅक बांधताना हा पर्याय द्यायचा:

```
-patchpaddingalign=1048576
```

याची किंमत जागेत मोजावी लागते, कारण सीमा गाठायला मध्ये रिकामे बाइट भरावे लागतात. डाउनलोडमध्ये ते कॉम्प्रेस होऊन जवळपास नाहीसे होतात, डिस्कवर मात्र जागा अडवतात.

आणखी एक वाट म्हणजे मूळ पॅक फाइलला हातच न लावणं. अनरियलमध्ये नावाच्या शेवटी `_P` असलेली वेगळी पॅक फाइल दिली, तर तिच्यातला अ‍ॅसेट मूळच्या अ‍ॅसेटवर मात करतो. पॅच खरोखरच लहान येतो. पण जुना, निरुपयोगी अ‍ॅसेट मूळ फाइलमध्ये तसाच पडून राहतो. वर्षभर असे थर चढले की गेम फुगतो आणि एक दिवस सगळं एकत्र करून नव्याने बांधावं लागतं. त्या दिवशीचा पॅच अजस्र असतो.

डाउनलोड काही एमबींचंच होतं, तरी अपडेट दहा मिनिटं का चाललं?

कारण डाउनलोड संपलं तरी डिस्कचं काम संपत नाही. लाँचर जुन्या फाइलवर थेट खाडाखोड करत नाही. मध्येच वीज गेली तर जुनी आवृत्तीही हातची जाईल आणि नवीही नसेल. म्हणून तो शेजारी नवी फाइल बांधतो, जुने चंक जुन्या फाइलमधून आणि नवे डाउनलोडमधून घेत. ती पूर्ण झाली की जुनी हटवून नवी तिच्या जागी बसवतो. ८ जीबीच्या फाइलमधल्या ३ एमबीसाठी ८ जीबी वाचायचे आणि ८ जीबी लिहायचे.

हार्ड डिस्कवर एकाच तबकडीवर वाचणं आणि लिहिणं आळीपाळीने चालतं. वाचून-लिहून फाइल सेकंदाला ५० एमबी पुढे सरकते असं धरलं तर ८ जीबीला पावणेतीन मिनिटं, आणि १०० जीबीच्या गेममधल्या बहुतेक फाइलींना हात लागला तर अर्धा तास सहज. एसएसडीवर हाच प्रकार बराच लवकर आटपतो. पीएस४ वर अपडेटनंतर 'Copying' असं लिहिलेली पट्टी तासभर सरकताना पाहिली असेल, तर तिथेही हीच फाइलबांधणी चाललेली असते.

हे तुमच्या संगणकावरही पाहता येतं. स्टीमच्या `steamapps` फोल्डरमध्ये प्रत्येक गेमची `appmanifest_` ने सुरू होणारी एक `.acf` फाइल असते. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते. अपडेट चालू असताना आपल्या उदाहरणातल्या गेमसाठी तिच्यात असं काहीसं दिसेल:

```
"BytesToDownload"  "3102214"
"BytesToStage"     "8589934592"
```

पहिला आकडा इंटरनेटवरून काय येणार त्याचा, दुसरा डिस्कवर काय मांडावं लागणार त्याचा. पहिला लहान आणि दुसरा प्रचंड असेल, तर राउटरला दोष देऊ नका, डिस्ककडे बघा. फाइलवर हात मात्र चालवू नका, नुसती वाचा.

अपडेट लहान आहे, तरी 'जागा अपुरी' असं का येतं?

वरचंच कारण. नवी फाइल तयार होईपर्यंत जुनीही डिस्कवर असते. एकच २५ जीबीची पॅक फाइल असलेल्या गेमला दहा बाइटच्या बदलासाठीही आणखी २५ जीबी मोकळे लागतात. पॅक फाइली लहान ठेवण्याचा सल्ला यासाठीही आहे.

मोठा पॅच आला आणि गेमचा आकार उलट कमी झाला. हे कसं?

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये फोर्टनाइटचं १४.४० हे अपडेट पीसीवर सुमारे २७ जीबीचं होतं, आणि ते लावल्यावर गेम ६० जीबीहून अधिक हलका झाला. पॅक फाइलींची रचनाच नव्याने केली होती. जुने चंक जुळायचा प्रश्नच नव्हता, म्हणून डाउनलोड मोठं. पुढचे पॅच लहान व्हावेत हाही त्यामागचा एक जाहीर हेतू होता. असा पॅच चिडण्यासारखा वाटतो, पण मी तो आनंदाने उतरवून घेईन.

हेलडायव्हर्स २ ची गोष्ट याहून बोलकी आहे. पीसीवर तो गेम साधारण १५४ जीबीचा होता. त्यात एकच अ‍ॅसेट अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा ठेवलेला होता, कारण हार्ड डिस्कच्या वाचणाऱ्या सुईला लांब उड्या माराव्या लागू नयेत. लेव्हलला लागणारं सगळं शेजारीशेजारी हवं, म्हणून प्रती काढायच्या. २०२५ च्या अखेरीस डेव्हलपरांनी मोजून पाहिलं, तर लोडिंगचा बराचसा वेळ लेव्हल रचण्यातच जात होता, डिस्कवाचनात नव्हे. प्रती काढून टाकल्यावर गेम २३ जीबीच्या आसपास आला.

पॅचच्या दृष्टीने या प्रती दुहेरी त्रासाच्या. एक टेक्स्चर सुधारलं की त्याच्या प्रत्येक प्रतीभोवतीचा चंक बदलतो, आणि प्रत्येक ठिकाणी शेजारी वेगळे असल्याने ते चंक एकमेकांशीही जुळत नाहीत.

पाच अपडेट चुकवली तर पाचही उतरवावी लागतील?

स्टीम-एपिकसारख्या चंकच्या पद्धतीत नाही. तुमची आवृत्ती आणि ताजी आवृत्ती एवढीच तुलना होते. एखादा चंक पाचही अपडेटमध्ये बदलला असेल तरी तो एकदाच येतो. रोज खेळत नसाल, तर दर आठवड्याला अपडेट येणारा गेम थोडं थांबून अपडेट करणं खरंच स्वस्त पडतं.

'फाइली तपासा' दाबलं की सगळं पुन्हा उतरतं का?

नाही. लाँचर डिस्कवरच्या फाइली वाचून मॅनिफेस्टशी ताडतो आणि न जुळणारा भागच मागवतो. मॉड, म्हणजे इतरांनी केलेला बदल, टाकून पॅक फाइल बदलली असेल, तर तेवढे चंक परत मूळचे होतील आणि मॉड जाईल.

घरात दोन संगणक आहेत. दोन्हींवर वेगळं डाउनलोड करायचं?

गरज नाही. स्टीमने २०२३ च्या फेब्रुवारीत एकाच नेटवर्कवरच्या संगणकांमध्ये गेमच्या फाइली पाठवायची सोय आणली. सेटिंग्जमध्ये ती सुरू आहे का ते बघा. एका संगणकावर अपडेट झालं की दुसरा त्याच्याकडून घेतो. पाठवणाऱ्याच्या प्रोसेसरवर आणि डिस्कवर थोडा ताण येतो, त्यामुळे तिकडे कोणी ऐन सामन्यात असेल तर पाच मिनिटं थांबा.

गेम काढून पुन्हा टाकणं कधी फायद्याचं ठरतं?

क्वचितच, पण ठरतं. पॅचमध्ये गेमचे जवळपास सगळेच चंक बदलले असतील, तुमची डिस्क फिरत्या तबकडीची आणि जवळजवळ भरलेली असेल, आणि इंटरनेट मात्र वेगवान असेल, तर नव्याने टाकताना जुनी फाइल वाचण्याचं काम वाचतं आणि दुप्पट जागाही लागत नाही. `BytesToDownload` हा आकडा पूर्ण गेमच्या डाउनलोडच्या जवळ पोहोचला असेल तरच हा विचार करा. त्याआधी सेव्ह फाइली कुठे आहेत ते बघून ठेवा. काही गेम त्या स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवतात.